अकाउंट बंद करण्याआधी सगळे फोटो-व्हिडिओ उतरवून घेतले, माझा अनुभव

२०१३ पासूनचं सोशल मीडियाचं अकाउंट होतं माझं. बंद करायचं ठरवलं तेव्हा आधी आकडा बघितला, प्रोफाइलवरच्या सगळ्या अल्बमची बेरीज केली तर ३९४० फोटो आणि १८६ व्हिडिओ. एकेक उघडून सेव्ह करणं शक्यच नव्हतं. सेटिंग्जमधे "तुमची माहिती डाउनलोड करा" असा पर्याय असतो, तिथून सगळं एकदम मागवता येतं एवढं ऐकून होते. प्लॅटफॉर्मचं नाव लिहीत नाही, मोठ्या बहुतेक ठिकाणी प्रकार थोड्याफार फरकाने असाच आहे.

तर पहिल्यांदा मी काहीही न बघता सरळ रिक्वेस्ट टाकली. तासाभरात मेल आला, फाइल तयार आहे म्हणून. एकच झिप, ३१० एमबी. अकरा-बारा वर्षांचं सगळं ३१० एमबीत कसं मावेल? उघडून बघितलं तर फक्त मागच्या एका वर्षाचे फोटो, तेही बारीक, मोठे केले की फाटणारे. परत त्या पानावर गेले तेव्हा कळलं की तिथे तीन गोष्टी आधीपासून निवडलेल्या असतात आणि त्या आपण बदलायच्या असतात. तारीख "मागचं वर्ष" होती, ती "सगळा काळ" केली. मीडिया क्वालिटी मध्यम होती, ती सगळ्यात वरची केली. आणि फॉरमॅट एचटीएमएल होता तो जेसन केला. एचटीएमएल म्हणजे ब्राउझरमधे उघडून बघायची पानं, डोळ्यांना बरी वाटतात, पण फोटोच्या तारखा वगैरे पुढे कशात वापरायच्या असतील तर जेसनच हवं, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येईल अशी साधी टेक्स्ट फाइल. याचं महत्त्व मला नंतर कळलं, तेव्हा भाच्याने सांगितलं म्हणून केलं. आणखी एक, मेसेजेसचा टिक वेगळा असतो. चॅटमधे पाठवलेले फोटो-व्हिडिओ पोस्टमधे धरत नाहीत. आजोबांचा गाणं गुणगुणतानाचा एक व्हिडिओ मी फक्त बहिणीला चॅटवर पाठवला होता, कुठेच पोस्ट केला नव्हता, तो टिक करायचा राहिला असता तर तो व्हिडिओ गेलाच असता.

दुसऱ्या रिक्वेस्टला दोन दिवस लागले. आल्या नऊ झिप, आठ साधारण दोन-दोन जीबीच्या आणि नववी छोटी, मिळून १७ जीबी. लिंक चारच दिवस चालणार असं खाली लिहिलेलं, त्यामुळे त्याच रात्री बसले. इथे जागेचा हिशोब आधी करा, कारण झिप १७ आणि सोडवल्यावर परत १७, म्हणजे डिस्कवर निदान ३५ जीबी मोकळी पाहिजे. आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग करा. माझा मधेच झोपला आणि सहावी झिप अर्धवट उतरली, पण ब्राउझरने ती पूर्ण झाल्यासारखीच दाखवली. साइज बघितल्यावर लक्षात आलं, बाकीच्या दोन जीबीच्या आणि ही १.३. उघडायला गेलं तर फाइल खराब आहे म्हणतं. कारण असं की झिपमधे काय काय आहे याची यादी फाइलच्या अगदी शेवटी असते, शेवट आला नाही की बाकी डेटा आत असूनही उघडणाऱ्या प्रोग्रामला काही सापडत नाही. लिंक जिवंत होती म्हणून ती एकच परत उतरवली. नंतर unzip हा छोटा प्रोग्राम वेगळा टाकून प्रत्येक झिपवर ही चाचणी केली:

```
unzip -t export-6.zip
```

शेवटच्या ओळीत `No errors detected` आलं तर ती झिप चांगली. ही चाचणी लिंक संपायच्या आत करायची, हे महत्त्वाचं.

सोडवताना दोन चुका झाल्या माझ्याकडून. एक तर नऊ झिप नऊ वेगळ्या फोल्डरमधे सोडवल्या, तसं आपोआपच होतं. पण आत रचना अशी असते की जेसन एखाद्या झिपमधे आणि तो ज्या फोटोंकडे बोट दाखवतो ते फोटो दुसऱ्याच झिपमधे. सगळं एकाच फोल्डरमधे, एकावर एक, सोडवलं तरच जोडी जुळते. दुसरी चूक, डेस्कटॉपवर लांबलचक नावाच्या फोल्डरमधे, त्याच्या आत अजून एका फोल्डरमधे सोडवलं. प्लॅटफॉर्मने अल्बमच्या फोल्डरला अल्बमचं नाव अधिक मोठा आकडा असं नाव दिलेलं असतं, फोटोचं नाव म्हणजे अजून आकड्यांची माळ, आणि विंडोजला पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपेक्षा लांब झाला की चालत नाही. मधे एक खिडकी आली होती नाव फार लांब आहे अशी, आणि मी घाईत "स्किप" दाबलं होतं. त्याने किती फोटो गेले हे तेव्हा कळलंच नाही.

मग फोल्डर उघडला आणि खरं सांगते, पोटात गोळा आला. हजारो फोटो, नावं सगळी आकडे, आणि प्रत्येकाची तारीख आजची. लहानपणीचा फोटो, मागच्या महिन्यातला फोटो, सगळे एकाच दिवशीचे. फोटोच्या आत कॅमेरा जी तारीख लिहून ठेवतो ती अपलोड करतानाच काढून टाकलेली होती. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, तारखा गेल्या नाहीयेत, जेसनमधे आहेत, फक्त फोटोला परत लावायच्यात." प्रत्येक अल्बमच्या जेसनमधे प्रत्येक फोटोपुढे `uri` म्हणजे फाइलचा पत्ता असतो आणि `creation_timestamp` म्हणून एक दहा आकडी संख्या. ती संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासून गेलेले सेकंद. त्याने पायथनमधे हे एवढंसं लिहून दिलं, आणि एक्स्पोर्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमधून चालवायला सांगितलं कारण `uri` तिथून मोजलेला असतो:

```python
import json, os
a = json.load(open("album/0.json"))
for p in a["photos"]:
    u, t = p["uri"], p["creation_timestamp"]
    if os.path.exists(u):
        os.utime(u, (t, t))
    else:
        print("नाही:", u)
```

यात पहिल्या अल्बमचा पत्ता आहे, बाकीच्या अल्बमसाठी तेवढा बदलायचा (तुमच्याकडे फोल्डरची नावं वेगळी असतील, उघडून बघा). फोटो सापडला तर त्याला तारीख लागते, नाही सापडला तर तसं छापतं. आणि ते छापलेलंच मला सगळ्यात उपयोगी पडलं! एकूण १४ वेळा "नाही:" आलं, सगळे एकाच लांब नावाच्या अल्बममधले. तेच, स्किप दाबलेले. परत सगळ्या झिप `D:\e` अशा छोट्या पत्त्यावर सोडवल्या आणि चौदाही आले. हे न तपासता अकाउंट बंद केलं असतं तर ते चौदा गेले ते गेलेच.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, ही तारीख अपलोडची असते, फोटो काढल्याची नाही. आजोबांचे जुने फोटो स्कॅन करून मी एका रात्री एकदम टाकले होते, त्यातल्या एकापुढे 1414003500 आहे, म्हणजे २२ ऑक्टोबर २०१४, संध्याकाळचे पावणेसात, पण युटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आपल्या घड्याळात तेव्हा दुसरा दिवस लागलेला असू शकतो, तेव्हा एखादी तारीख एका दिवसाने सरकलेली दिसली तर घाबरू नका. काही फोटोंना शेजारी `taken_timestamp` पण मिळाला, तो फोटो काढल्याचा, जिथे होता तिथे तोच वापरला. स्कॅनला अर्थातच नव्हता, ती वर्षं आईला विचारून फोल्डरच्या नावात हाताने लिहिली.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ते. मराठीत लिहिलेले कॅप्शन. जेसनमधे जिथे "आई" असायला हवं तिथे हे होतं:

```
\u00e0\u00a4\u0086\u00e0\u00a4\u0088
```

आणि प्रोग्रामने वाचल्यावर à¤ असली अक्षरं. सगळे कॅप्शन असेच, मला वाटलं गेलं सगळं, आणि फोटोपेक्षा ते कॅप्शन मला जास्त हवे होते कारण कोण कुठे बसलंय हे आईने सांगितलेलं मी तिथेच लिहून ठेवलं होतं. पण गेलं नव्हतं. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक साधं अक्षर तीन बाइट घेतं, "आ" म्हणजे e0 a4 86. एक्स्पोर्ट तयार करणाऱ्याने त्या तीन बाइटला तीन वेगवेगळी अक्षरं समजून लिहिलं होतं. बाइट बरोबर आहेत, वाचायची पद्धत चुकली आहे, म्हणून उलटं केलं की जसंच्या तसं परत मिळतं, `s` म्हणजे ते बिघडलेलं कॅप्शन:

```python
s.encode("latin-1").decode("utf-8")
```

पहिलं कॅप्शन नीट उमटलं तेव्हा मी मोठ्याने वाचलं. मग सगळे कॅप्शन फाइलच्या नावासकट एका साध्या टेक्स्ट फाइलमधे काढून घेतले. इंग्रजी कॅप्शन असलेल्यांना हा प्रॉब्लेम दिसतच नाही, म्हणून याबद्दल कुणी फारसं सांगत नाही, पण तुम्ही मराठीत लिहीत असाल तर एक तरी कॅप्शन उघडून बघाच.

क्वालिटीचं पण बघितलं. माझ्या कॅमेऱ्याचे फोटो ४००० बाय ३००० चे होते, वरची क्वालिटी निवडूनही आले २०४८ बाय १५३६. अपलोड करतानाच ते लहान केलेले असतात, त्यांच्याकडे मूळ फाइल ठेवलेलीच नसते, त्यामुळे कितीही वेळा मागितलं तरी यापेक्षा मोठा मिळणार नाही. म्हणून जुन्या डिस्कवर मूळ फोटो असतील तर "आता एक्स्पोर्ट आहे ना" म्हणून ते अजिबात पुसू नका. आणि दुसऱ्यांनी टाकून मला टॅग केलेले फोटो यात नव्हतेच, ते त्यांचे अपलोड. असे साठेक होते, ते एकेक उघडून हाताने सेव्ह केले, एक दुपार गेली.

यानंतर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी केली, दुसऱ्या डिस्कवरचे वीस-पंचवीस व्हिडिओ मधून मधून चालवून बघितले, फक्त सुरुवात नाही तर शेवटपर्यंत सरकवून. ज्या दोन साइटवर मी याच अकाउंटने लॉगिन करायचे तिथे आधी ईमेल आणि पासवर्ड लावून घेतला. मगच डिलीट दाबलं, डीॲक्टिव्हेट नाही, ते फक्त लपवतं. त्यानंतर ३० दिवस असतात, त्यात एकदा जरी लॉगिन केलं तर डिलीट रद्द होऊ शकतं, म्हणून फोनवरचं ॲप त्याच दिवशी काढलं. त्या तीस दिवसांत बहिणीने आजोबांचा व्हिडिओ मागितला, तिला डिस्कवरून पाठवला, चांगला चालला.