नो-लोडवर ओके, जाड पत्रा घातला की ट्रिप: कंपाउंड मोटर रिवाइंड करून घेतानाचा माझा अनुभव

कंपाउंड मोटर रिवाइंड होऊन आली आणि सोबतच्या रिपोर्टवर ‘नो-लोड टेस्ट ओके’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या कागदावर सही करू नका. हे मी अजूनही रागातच लिहितोय. त्या एका ओळीच्या जोरावर भोसरीतल्या एका रिवाइंडिंगवाल्याने आमचं शिअरिंग मशीन अडवून ठेवलं, आणि दोष आधी मशीनचा, मग पॅनेलचा, शेवटी आमच्या ऑपरेटरचा म्हणून सांगितला.

मशीन जुनं आहे. जाड पत्रा कापायचं, मोठ्या फ्लायव्हीलचं. फ्लायव्हील पट्ट्यावर फिरवायला १० एचपीची, २२० व्होल्टची डीसी कंपाउंड मोटर. नेमप्लेटवर ४० अँपिअर, १२०० आरपीएम. शंट फील्डच्या कॉइल जळल्या म्हणून मोटर उतरवली, टेम्पोने पाठवली, भरून आली, बसवली. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

रिकामं फ्लायव्हील छान फिरलं. टॅकोमीटरवर १४८० च्या आसपास, आवाज साफ, ब्रशखाली ठिणगी नाही. पातळ पत्रे भराभर कापायला घेतले तेव्हा स्पीड थोडा वाढला. लोड आल्यावर या मोटरचा स्पीड खाली यायला हवा, वर जायला नको. माझ्या मनात शंका तिथेच आली. जाड पत्रा घातला आणि अँमीटरचा काटा थेट शंभराच्या पुढे गेला, कॉम्युटेटरच्या कडेने निळसर ठिणग्यांची रेघ उठली आणि ओव्हरलोड ट्रिप झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

रिवाइंडिंगवाल्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: “साहेब, आमच्याकडे मोटर तासभर चालवून दिलीय, रिपोर्ट बघा. तुमच्या ब्लेडची धार गेली असणार.” ब्लेड बघितली, धार ठीक होती. मग म्हणे बेअरिंग. मग म्हणे तुमच्या रेक्टिफायरचं व्होल्टेज पडतंय. लोडवर व्होल्टेज मोजून दाखवलं, पडत नव्हतं. इकडे आमच्या परचेसवाल्यांचं म्हणणं असं की पार्टीचा रिपोर्ट ओके आहे, मग मोटर परत पाठवायला गेटपास कोणत्या कारणाने बनवायचा? तुम्ही दोष लेखी द्या. दोष लेखी द्यायचा तर तो सिद्ध करायला हवा, आणि समोरचा माणूस नो-लोडच्या पुढे बोलायलाच तयार नाही.

खरी गोम त्या नो-लोडमध्येच होती. कंपाउंड मोटरच्या प्रत्येक मुख्य पोलवर दोन गुंडाळ्या असतात. शंटची बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची. ती थेट सप्लायवर असते, त्यामुळे तिचं फ्लक्स जवळपास कायम. दुसरी सिरीजची, जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची. तिच्यातून आर्मेचरचाच करंट जातो, म्हणजे लोड वाढेल तसा तिचा जोर वाढतो. सिरीजचं फ्लक्स शंटच्या फ्लक्समध्ये मिळालं तर मोटर क्युम्युलेटिव्ह, त्याच्या विरोधात गेलं तर डिफरन्शियल. मोटर तीच, तार तीच. फरक फक्त दोन टोकं कुठे जोडली याचा.

स्पीडचं गणित एका ओळीत मावतं:

N ∝ (V − Ia·Ra) / φ

N म्हणजे स्पीड, φ म्हणजे फ्लक्स. सप्लायच्या V मधून आर्मेचर करंट Ia गुणिले रेझिस्टन्स Ra वजा केलं की उरतो तो बॅक ईएमएफ. आमच्याच मोटरचे आकडे घालतो. आर्मेचर, ब्रश आणि सिरीज मिळून रेझिस्टन्स धरा ०.४ ओहम. नो-लोडला करंट ३ अँपिअर, म्हणजे बॅक ईएमएफ साधारण २१९ व्होल्ट आणि स्पीड १४८०. फुल लोडला ४० अँपिअर, म्हणजे १६ व्होल्ट आतच जातात आणि बॅक ईएमएफ उरतो २०४. सिरीज गुंडाळी नसतीच तर स्पीड १४८० वरून १३८० वर आला असता. स्पीड रेग्युलेशन म्हणजे नो-लोड आणि फुल लोडच्या स्पीडमधला फरक भागिले फुल लोडचा स्पीड. इथे साधारण ७ टक्के.

आता सिरीजमुळे फुल लोडला फ्लक्स १५ टक्के वाढतं असं धरा. १३८० ला १.१५ ने भागा, १२०० येतात. नेमप्लेटवरचा आकडा हाच, आणि रेग्युलेशन २३ टक्के. तेच सिरीज उलटं जोडलं की फ्लक्स १५ टक्के घटतं. १३८० ला ०.८५ ने भागा, १६२० च्या वर जातात. लोड वाढला आणि स्पीडही वाढला. रेग्युलेशन उणे ९ टक्के. मी पातळ पत्र्यावर पाहिलं ते हेच.

नो-लोडला मात्र ३ अँपिअरवर सिरीजचा परिणाम जेमतेम एक टक्का. सरळ जोडा की उलट, स्पीडमध्ये एकूण फरक दोन टक्क्यांच्या आसपास. तुलनेला जुना आकडा हाताशी नसेल तर तेवढा कुणाच्या लक्षात येणार? म्हणून नो-लोड टेस्ट तासभर घ्या नाहीतर दिवसभर, ती या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. हे मी त्या माणसाला अनेकदा समजावलं. तो रिपोर्टवर बोट ठेवून बसला.

बरं, स्पीड थोडा वाढला तर बिघडलं काय, असा प्रश्न आमच्या परचेसवाल्यांनीही विचारला. शिअरिंगमध्ये कापायची ताकद मुळात फ्लायव्हीलमधून येते. फ्लायव्हीलने ऊर्जा सोडायची तर त्याचा स्पीड उतरायला हवा. स्पीड २० टक्के उतरला की साठलेल्या ऊर्जेतली ३६ टक्के बाहेर येते. ५ टक्केच उतरला तर दहाच्या आत. क्युम्युलेटिव्ह मोटर दणका बसताच नमते, फ्लायव्हीलला पुढे होऊ देते आणि स्ट्रोक संपल्यावर हळूहळू स्पीड परत आणते. शिवाय फ्लक्स वाढल्यामुळे तेवढ्याच करंटमध्ये टॉर्क जास्त देते.

डिफरन्शियलचं नेमकं उलटं. दणका बसला की करंट वाढतो, करंट वाढला की फ्लक्स घटतं, फ्लक्स घटलं की बॅक ईएमएफ पडतो आणि करंट आणखी चढतो. टॉर्क म्हणजे फ्लक्स गुणिले करंट, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे करंट वाढूनही टॉर्क वाढत नाही, उलट कमी होऊ लागतो. फ्लायव्हील बाजूला राहतं आणि सगळा धक्का मोटर अंगावर घेते. आमचा शंभर अँपिअरवर गेलेला काटा तिथून आला होता.

एक खूण आधी सांगायला हवी होती, आता आठवली म्हणून इथेच लिहितो. स्टार्टरचा हँडल पहिल्या नॉचवर आणताना पट्टा क्षणभर उलट्या बाजूने ताणला जायचा आणि मग मोटर सरळ दिशेला घ्यायची. शंट कॉइलचं इंडक्टन्स मोठं, तिचा करंट भरायला वेळ लागतो. सिरीजमधून मात्र स्टार्टिंग करंट लगेच वाहतो. सिरीज उलटं असेल तर तेवढा क्षण तेच वरचढ ठरतं आणि मोटर उलटी निघू पाहते. क्युम्युलेटिव्हमध्ये असं होत नाही. ज्यांच्याकडे टॅकोमीटर नाही त्यांनी पट्ट्याकडे बघावं.

शेवटी पुरावा काढला तो किक टेस्टने, आणि त्याला मोटर फिरवावीही लागत नाही. काट्याचा मीटर हवा, डिजिटल नको; त्यावर क्षणिक झटका नीट दिसत नाही. मधोमध शून्य असलेला मिलिव्होल्टमीटर मी तपकीर गल्लीतून आणला. मोटरची सगळी कनेक्शन सोडवली. सिरीजच्या Y-YY टोकांना मीटर लावला, प्लस Y ला. शंटच्या Z-ZZ ला स्विचमधून १२ व्होल्टची बॅटरी, प्लस Z ला. स्विच दाबताच काटा प्लसकडे उडाला तर Z आणि Y एकाच जातीची टोकं. करंट दोन्हींमध्ये त्याच टोकाने शिरला तर फ्लक्स एकमेकांत मिळतं. स्विच सोडताना काटा उलटा उडतो, त्याने फसू नका. सोडताना शंटच्या टोकांना हातही लावू नका, तिथे झटका मोठा बसतो.

आमचा काटा दाबताना प्लसकडे उडाला. म्हणजे गुंडाळ्या आणि टोकांवरच्या खुणा बरोबर होत्या. आणि टर्मिनल बॉक्समध्ये त्यांनी जोडलेलं होतं असं, की सिरीजमध्ये करंट Y ने शिरायचा आणि शंटमध्ये ZZ ने. फोटो काढून ठेवला होता, तो आणि टेस्टचा निकाल लेखी दिला. गेटपास त्याच दिवशी झाला.

वर्कशॉपमध्ये मी स्वतः गेलो. शेठ तरीही मान्य करेनात, ज्याने मोटर जोडली होती त्या पोराने सरळ सांगितलं, “दादा, टेस्टला उलटी फिरली, म्हणून मी फील्डची टोकं बदलली.” सगळं दुखणं या वाक्यात आहे. साध्या शंट मोटरची दिशा फील्डची टोकं बदलून बदलता येते. कंपाउंडमध्ये तसं केलं तर दिशा बदलते, पण सिरीज तशीच राहिल्याने क्युम्युलेटिव्हची डिफरन्शियल होते. कंपाउंडची दिशा आर्मेचरची A-AA टोकं बदलूनच बदलायची, आणि मुख्य पोलांच्या मधले इंटरपोल आर्मेचरसोबतच ठेवायचे. ते वेगळे बाहेर काढलेले असतील तर आर्मेचरशी त्यांचं नातं बिघडू द्यायचं नाही, नाहीतर ठिणग्यांचं नवीन प्रकरण सुरू होईल.

Z-ZZ मूळ जागी घेतली, A-AA बदलली, काम पाच मिनिटांचं. जाड पत्र्यावर स्पीड १४८० वरून १२०० च्या जवळ उतरला, करंट पन्नाशीच्या आत राहिला, आणि पुढचा स्ट्रोक यायच्या आत फ्लायव्हील परत वर. तो काटा पाहून जे समाधान वाटलं ते सांगता येणार नाही.

प्रेस, शिअर, क्रशर, पिस्टनचे कॉम्प्रेसर, लिफ्ट, जिथे लोड दणक्याने येतो किंवा सुरुवातीलाच भारी टॉर्क लागतो, तिथे क्युम्युलेटिव्ह. लोड अचानक निघून गेला तरी शंट असल्यामुळे ती सिरीज मोटरसारखी पळत सुटत नाही. स्पीड एकसारखा हवा असेल, उदाहरणार्थ लेथला, तर २३ टक्के उतार चालणार नाही. तिथे शंट घ्या. डिफरन्शियलचा मोह कागदावर होतो, कारण सिरीज मोजून जोडलं तर तो ७ टक्क्यांचा उतार शून्यावर आणता येतो. पण हलक्या, न बदलणाऱ्या लोडपलीकडे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. कित्येक शंट मोटरमध्ये तर थोडं सिरीज मुद्दाम मिळतं जोडलेलं असतं, आर्मेचर रिअॅक्शनने फ्लक्स घटून मोटर अस्थिर होऊ नये म्हणून.

आमच्या ऑर्डरमध्ये आता एक ओळ छापूनच जाते: किक टेस्टचा निकाल टोकांच्या खुणांसह द्यावा, आणि किमान निम्म्या लोडवर स्पीड व करंट नोंदवावा. ज्या वर्कशॉपकडे लोड द्यायची सोय नाही त्यांनी निदान किक टेस्ट आमच्या माणसासमोर करावी, आणि मोटर नेण्याआधी टर्मिनल बॉक्सचा फोटो आम्ही काढणार.