सोमवारचाच पेपर

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या काकांना सकाळच्या पोह्यांबरोबर मराठी पेपर लागतो. छापील अंक दारी येत नाही, म्हणून ते मोबाइलवर ई-पेपर वाचतात, आणि पत्ता टाइप करण्याची कटकट नको म्हणून शेजारच्या मुलाने त्यांना होम स्क्रीनवर त्याचे आयकॉन करून दिले. मंगळवारी काकांचा फोन आला, "अरे, यांनी आज पुन्हा सोमवारचाच पेपर टाकला आहे." बुधवारीही सोमवारच उघडला, तेव्हा पेपरवाल्यांचा त्यात काही दोष नाही हे माझ्या ध्यानात आले.

क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूतून Add to Home screen निवडून Create shortcut केले, की त्या क्षणी जे पान उघडे असते त्याचाच पूर्ण पत्ता आयकॉनमध्ये साठवला जातो. ई-पेपरच्या पत्त्यात बहुधा त्या दिवसाची तारीख असते, त्यामुळे अंक उघडून शॉर्टकट केला तर तो जन्मभर त्याच अंकावर नेणार. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचला तर ही गोष्ट आधीच कळते. शेवटची तारीख खोडून भागेलच असे नाही, कारण काही संकेतस्थळे तारीख नसलेला पत्ता उघडताच आपल्याला आजच्या अंकावर ढकलतात आणि पत्त्यात तारीख पुन्हा येऊन बसते. अशा वेळी एक पायरी मागे यावे. जिथे आवृत्त्यांची यादी असते आणि पत्त्यात तारीख नसते, त्या पानाचा शॉर्टकट करावा. काकांना आता 'पुणे' या नावावर एक जास्तीचे बोट लावावे लागते, पण पेपर ताजा मिळतो. काही संकेतस्थळे Install हा पर्यायही देतात. तिथे कोणते पान उघडायचे हे संकेतस्थळच ठरवते, म्हणून ही अडचण सहसा येत नाही.

शॉर्टकट करताना नावाचा रकाना बदलता येतो, आणि तो बदलावाच. आपोआप येणारे नाव लांबलचक असते व आयकॉनखाली त्याची पहिली दोनचार अक्षरेच दिसतात. आम्ही तिथे नुसते 'पेपर' असे लिहिले.

नवे आयकॉन कुठल्यातरी मागच्या पानावर जाऊन बसते. ते दाबून धरून पहिल्या पानावर ओढून आणावे लागते. हेच दाबून धरणे वयस्कर माणसांकडून नकळत होते, कारण त्यांचे बोट काचेवर जरा जास्त वेळ रेंगाळते, आणि मग आयकॉन हलते किंवा चक्क नाहीसे होते. सॅमसंगच्या फोनमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये Lock Home screen layout आहे, ते चालू करून ठेवावे. मात्र काकूंसाठी पंचांगाचे आयकॉन टाकायचे झाले, की आधी ते बंद करावे लागेल.