चौथ्या दिवशीची चकली

‘घरगुती फराळ नवीनच सुरू केलाय, कोणी ओळखत नाही. पहिले रिव्ह्यू नातेवाइकांकडून लिहून घेतले तर काय बिघडलं?’

बरंच बिघडतं. खऱ्या अनुभवावर नसलेले किंवा सवलतीच्या बदल्यात घेतलेले रिव्ह्यू गुगलच्या नियमांत बसत नाहीत, ते काढून टाकले जाऊ शकतात. ते टिकले तरी वाचणारा काही खुळा नसतो. एकाच संध्याकाळी सात जणांनी ‘अप्रतिम चव!’ लिहायचं आणि त्यातल्या तिघांचं आडनाव तुमचंच, हे कोणाच्याही लक्षात येतं.

पूर्वी मीच सांगायचे, निदान शेजारी नमुने तरी वाटा. आता तेवढं ठामपणे सांगवत नाही. फुकट खाल्लेल्याला नावं ठेवणं माणसाला जड जातं. वाटायचेच असतील तर मत छापताना ‘नमुना चाखून दिलेलं मत’ असं स्पष्ट लिहा, आणि विकत घेणाऱ्याचं पहिलं मत आलं की ती मतं मागे टाका.

रिव्ह्यू येत नाहीत, कारण विचारण्याची वेळ आणि प्रश्न दोन्ही चुकतात. डबा पोचताच ‘कसं वाटलं?’ विचारलं की अंगठा येतो आणि विषय संपतो. पुरणपोळीचं त्याच संध्याकाळी विचारा, चकलीचं मात्र चौथ्या दिवशी. फराळ विकत घेणाऱ्याची खरी धास्ती चव नसते. पाहुणे येईपर्यंत तो टिकेल का, ही असते. म्हणून प्रश्नही तसाच हवा: ‘काकू, चकली अजून कुरकुरीत आहे का? डबा कसा ठेवला होता?’ याचं उत्तर ‘मस्त’ असं देता येत नाही.

आता धरून चला, उत्तर आलं: ‘चव छान आहे, पण मऊ पडली.’ बहुतेक जण इथे हात जोडणारी इमोजी टाकून मोकळे होतात. मी म्हणते, खरी सुरुवात इथेच आहे. आधी मोडलेल्या चकलीचा फोटो मागा आणि विचारा, पहिल्या दिवसापासून मऊ होती की डबा उघडल्यावर पडली? पिशवीच्या आत दमटपणा असेल, सगळ्याच चकल्या सारख्या मऊ असतील, तर त्या कोमट असतानाच भरल्या गेल्या. वाफ आत कोंडली. बाहेरून लालसर पण मोडल्यावर मधला भाग ओलसर दिसत असेल, तर तेल जास्त तापलं होतं, वरून रंग आला आणि आतलं पाणी तसंच राहिलं. आणि पहिले दोन दिवस कुरकुरीत, मग मऊ, असं असेल तर झाकण सैल राहिलं असणार. पहिल्या दोन कारणांत चूक तुमची आहे. तसं सरळ लिहा आणि पुढच्या घाण्यातली पाव किलो पाठवा. मात्र त्या बदल्यात ‘आता चांगलं लिहा ना’ म्हणू नका, तीही लाचच झाली.

मग त्यांची परवानगी घेऊन तो संवाद तक्रारीसकट दाखवा. नंबर आणि डीपी झाका. ‘तक्रार कशाला चव्हाट्यावर मांडायची?’ असं मला दरवेळी ऐकवलं जातं. कारण नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही चुकत नाही याची खात्री नको असते. चुकल्यावर फोन उचलता का, एवढंच पाहायचं असतं. अर्थात दर आठवड्याला तीच तक्रार येत असेल तर ती दाखवण्याआधी घाणा सुधारा.

फोटोचंही तसंच. तुमच्या ओट्यावर मांडलेल्या रांगोळीसकट ताटापेक्षा त्यांच्या स्टीलच्या ताटलीतला फोटो जास्त खरा वाटतो. मागताना नेमकं सांगा: दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, एक चकली मोडून आतली जाळी दिसू द्या. पुरणपोळी असेल तर मधून फाडून, पुरण कडेपर्यंत गेलंय ते दिसेल अशी. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर आकार लहान होऊन जाळी पुसट होते. फोटोत मुलं असतील तर पालकांना वेगळं विचारा. ‘स्टेटसला लावू का?’ आणि ‘कायम पेजवर ठेवू का?’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. आणि फोटोची आठवण एकदाच करून द्या.

तरीही स्क्रीनशॉट कोणालाही बनवता येतो, हे गिऱ्हाईक जाणतं. म्हणून दोन जुन्या गिऱ्हाइकांना विचारून ठेवा: कोणी खात्री करायला फोन केला तर चालेल का? हो म्हणाले तरी प्रत्येक वेळी आधी कळवून मगच नंबर द्या. मोठ्या ऑर्डरला याचा फार उपयोग होतो. पण दिवाळीच्या आठवड्यात, त्यांच्याच घरी गडबड असताना त्यांना किती त्रास द्यायचा, याची रेघ मला अजून नीट ओढता आलेली नाही.