आमची वाटचाल : बोरमाळेची चित्रफीत आणि तिच्यातील एक वाक्य

कोल्हापूरच्या गुजरीत आजोबांनी पेढी सुरू केली, तेव्हा जाहिरात म्हणजे दारावरची पाटी आणि फार तर एखाद्या स्मरणिकेतील पाव पान एवढेच असे. दागिन्याबद्दल जे सांगायचे ते गादीवर समोरासमोर सांगितले जाई, आणि गिऱ्हाइकाने विचारले की वडील दागिना तराजूत टाकून दाखवीत. काही काळापूर्वी आम्ही दागिन्यांच्या चित्रफिती करू लागलो, तेव्हा हा सगळा संवाद अठ्ठेचाळीस सेकंदांत आला, आणि प्रश्न विचारणारा माणूस मात्र समोरून नाहीसा झाला. त्याचा अर्थ आम्हाला पहिल्याच फितीने शिकविला.

ती फीत बोरमाळेची होती. आमच्याकडे बोरमाळेचे मणी जुन्या पद्धतीने होतात, म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा वळवून पोकळ मणी करायचा, त्यात लाख भरायची आणि मग पटवेकऱ्याकडून माळ ओवून घ्यायची. फितीत मखमलीवर ठेवलेली माळ हळूहळू फिरते, एक मणी जवळून दिसतो, आणि निवेदनात वाक्य होते, "शुद्ध सोन्याची २७.६ ग्रॅमची बोरमाळ, सर्व खर्चासह फक्त २ लाख ४९ हजार २३१ रुपये." वजन खरे होते, रक्कमही रुपयापर्यंत खरी होती, आणि तरीही ते वाक्य फसवे होते. आमच्या कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

लक्षात आणून दिले ते इचलकरंजीहून आलेल्या एका बाईंनी. त्यांनी पावतीच्या मागे गणित मांडून आणले होते. त्या दिवशी आमचा २२ कॅरेटचा दर ग्रॅमला ९,००० रुपये होता, २७.६ गुणिले ९,००० म्हणजे २,४८,४००. "दादा, म्हणजे मजुरी आणि कर मिळून फक्त आठशे एकतीस रुपये? एवढी स्वस्त मजुरी कशी काय परवडते तुम्हाला?" त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता, आनंद होता, आणि त्यामुळेच मला अधिक शरम वाटली.

खरा हिशेब असा होता. २७.६ ग्रॅमपैकी ३.६ ग्रॅम लाख आणि दोरा होता, म्हणजे निव्वळ सोने २४ ग्रॅम. त्याची किंमत २,१६,००० रुपये. त्यावर १२ टक्के घडणावळ म्हणजे २५,९२० रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, ७,२५७ रुपये ६० पैसे. आणि हॉलमार्किंगचे ४५ रुपये व त्यावरील कर. बेरीज तीच येते, २,४९,२३१. लाखेचे आम्ही एक पैसाही घेतले नव्हते. परंतु फीत पाहणाऱ्याने २७.६ ग्रॅम सोने मिळते असे समजून घेतले असते, आणि दहा वर्षांनी मोड द्यायला गेल्यावर लाख जाळून काढली की हाती २४ ग्रॅमच उरते, हे त्याला तेव्हा कळले असते. त्या बाईंना मी हिशेब समजावला, त्या घेतल्याशिवाय गेल्या, आणि त्यांनी तसे करणे योग्यच होते.

त्यानंतर आम्ही निवेदनाचा एकेक शब्द तराजूत टाकला. पहिला गेला तो "शुद्ध". शुद्ध म्हणजे २४ कॅरेट. आमची बोरमाळ २२ कॅरेटची, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने आणि उरलेले तांबे-चांदी, कारण त्याशिवाय मण्याचा आकार टिकत नाही. "शुद्ध" ऐकायला गोड लागतो हे मान्य, पण "२२ कॅरेट, ९१६" हे वाक्य तपासता येते आणि "शुद्ध" तपासता येत नाही. दुसरा गेला तो "केडीएम". जुनी गिऱ्हाइके अजूनही तो विचारतात म्हणून चित्रीकरण करणाऱ्या मुलाने तो घातला होता; वास्तविक तो सोन्याचा दर्जा नाही, कॅडमियम घातलेल्या डागाचे नाव आहे, आणि त्या डागाचा धूर कारागिराच्या छातीला अपायकारक असतो.

हॉलमार्कबद्दल बोलताना अधिक जपावे लागते. १ जुलै २०२१ पासून दागिन्यावर तीन खुणा असतात : भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, 22K916 असा दर्जा, आणि सहा अक्षर-अंकांचा HUID, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा क्रमांक. या तिन्ही खुणा सोन्याच्या दर्जाविषयी बोलतात; घडणावळ वाजवी आहे की नाही याविषयी काही सांगत नाहीत. म्हणून "हॉलमार्क असल्याने किंमतही खात्रीची" असले जोडवाक्य आम्ही काढून टाकले. फितीत पहिल्या दोन खुणा भिंगातून स्पष्ट दाखवितो, पण HUID पुसट करतो, कारण तो दुसरा कोणी उतरवून घेईल अशी भीती वाटते. निवेदनात एवढेच सांगतो की पेढीवर आल्यावर दागिन्यावरचा क्रमांक स्वतःच्या फोनवर, BIS Care ॲपमध्ये Verify HUID या ठिकाणी घालून पाहावा. तिथे दर्जा आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बोरमाळेऐवजी अंगठी दिसली, तर काय करायचे ते गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.

किमतीचा प्रश्न निराळा आहे, कारण सोन्याचा दर रोज बदलतो आणि फीत मात्र महिनोन्महिने फिरत राहते. लोक तिचा एखादा तुकडा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतात, खालचा मजकूर मागेच राहतो, आणि चार महिन्यांपूर्वीची रक्कम घेऊन कोणीतरी पेढीवर येते. म्हणून एकूण रक्कम आम्ही आता मोठ्या अक्षरांत देत नाही. ज्या गोष्टी त्या माळेपुरत्या बदलत नाहीत त्या देतो : निव्वळ सोने, लाख-दोऱ्याचे वजन, घडणावळीचा टक्का. रक्कम उदाहरणादाखल द्यायचीच असेल, तर त्याच चौकटीत तारीख आणि त्या दिवसाचा दर येतो. पूर्वी शेवटी कोपऱ्यात बारीक इंग्रजीत "अटी लागू" या अर्थाचे शब्द धावत जात. २०२२ च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. पण तो नियम नसता तरी मराठी निवेदनाखाली इंग्रजी खुलासा म्हणजे तो वाचला जाऊ नये अशीच इच्छा आहे, असे माझे मत आहे.

"घडणावळीवर पन्नास टक्के सूट" हा सणासुदीचा मंत्र मात्र आम्ही कधीच म्हटला नाही, कारण चोवीस टक्के लावून निम्मे करणे आणि सरळ बारा टक्के लावणे यात फरक फक्त पाटीचा असतो.

शेवटी नवी फीत अशी झाली. माळ फिरते, पण मागचा पिवळा दिवा काढून पांढरा लावला आहे, कारण पहिल्या फितीत रंग गडद केल्याने २२ कॅरेट अधिक पिवळे दिसत होते. मग तराजू येतो, आणि निवेदन म्हणते : "बोरमाळ, २२ कॅरेट, ९१६, हॉलमार्कसह. एकूण वजन २७.६ ग्रॅम, त्यात लाख आणि दोरा ३.६ ग्रॅम, निव्वळ सोने २४ ग्रॅम, आणि दर फक्त यालाच. घडणावळ सोन्याच्या किमतीच्या १२ टक्के. जीएसटी आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगळा. सोन्याचा दर खरेदीच्या दिवसाचा."

हे निव्वळ वजन आम्ही अंदाजाने सांगत नाही. लाख भरण्यापूर्वी पोकळ मण्यांचे वजन कारागीर आपल्या वहीत लिहून ठेवतो, आणि तयार माळ आली की त्या पानाशी ताडून पाहिली जाते. आता वहीचे ते पान तीन सेकंद फितीत दिसते. कारागिराचे अक्षर वाईट आहे, म्हणून वडिलांनी त्याला ते पान पुन्हा नीट लिहायला सांगितले होते. मी मूळ पानच घेतले.