गुडघ्यातलं पाणी आणि जुलाबाचा संबंध

मे महिन्यात गावी लग्नाला जाऊन आलो आणि चार दिवस जुलाब, मुरडा, ताप. ओआरएस पिऊन बरा झालो, विसरूनही गेलो. अडीच आठवड्यांनी सकाळी उठतो तर उजवा गुडघा टम्म सुजलेला, हात लावला तर गरम, आणि डावी टाच जमिनीला टेकवली की खिळा घुसल्यासारखी कळ, त्यात दोन दिवसांनी डोळाही लाल.

जवळच्या एका डॉक्टरांना युरिक ॲसिड वाटलं, म्हणाले गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन टाकू. बायको म्हणाली आधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवू, आणि बरं झालं तिचं ऐकलं.

त्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, महिन्याभरात जुलाब झालेले का, लघवीला जळजळ होती का. मग म्हणाल्या, हा रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस वाटतोय, म्हणजे जंतू आतड्यात नाहीतर लघवीच्या मार्गात येऊन जातात आणि नंतर शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते. पण सांध्यात खरोखर जंतू शिरून पू झाला नाहीये ना हे आधी बघायलाच हवं, कारण तसं असेल तर काही दिवसांतच कूर्चा खराब होते, ॲडमिट करून शिरेतून ॲन्टिबायोटिक द्यावी लागते, सांधा धुवावा लागतो, आणि तिथे स्टिरॉइड गेलं तर इन्फेक्शन आणखी पसरतं. रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी माझा वाढलेलाच होता पण तो दोन्हीत वाढतो, म्हणून त्यावरून ठरत नाही.

मग सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं, ताकाच्या निवळीसारखं पिवळट गढूळ. पांढऱ्या पेशी आल्या १८ हजार. पू असेल तर बहुतेक वेळा ५० हजारांच्या वर जातात म्हणे, पण नुसत्या आकड्यावर मॅडमनी विश्वास ठेवला नाही, पाण्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्या ग्रॅम स्टेनमध्ये जंतू नाहीत, युरिक ॲसिडचे खडे नाहीत, कल्चर तीन दिवसांनी निगेटिव्ह आलं, तोवर थांबल्या. शिवाय मला थंडी वाजून ताप नव्हता, गुडघा थोडा तरी वाकत होता, आणि एका सांध्याऐवजी गुडघा, टाच, डोळा असं पसरलेलं होतं.

त्यानंतर सूज-दुखण्याची गोळी नेप्रोक्सेन ५०० दोन वेळा जेवणानंतर, सोबत ॲसिडिटीची गोळी, आणि गुडघ्यात स्टिरॉइड आता दिलं. ॲन्टिबायोटिक नाही, कारण जुलाबानंतरच्या या दुखण्यात त्याचा उपयोग होत नाही. लघवीतून क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू निघाला असता तर मात्र द्यावीच लागली असती, नवराबायको दोघांना, म्हणून ती तपासणीही केली, निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी टाच तशीच होती म्हणून सल्फासॅलाझिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुरू झालं, दर महिन्याला रक्त तपासायचं. गुडघा दोन महिन्यांत उतरला, टाच मात्र सातव्या महिन्यात गेली.

माझं एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे असा त्रास परत होण्याची शक्यता वाढवणारा जनुक माझ्यात आहे, त्यामुळे परत डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन झाला नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असं मॅडमनी फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.