मित्र यादीत असताना त्याचीच पुन्हा रिक्वेस्ट

दुपारी फेसबुकवर एका वर्गमित्राची फ्रेंड रिक्वेस्ट आली. फोटो त्याचाच, नावही त्याचंच. जुनं अकाउंट बंद पडलं असेल असं वाटून मी ती स्वीकारली, आणि पहिली चूक तिथेच झाली. रात्री मेसेंजरवर मेसेज आला : ‘भाई, हॉस्पिटल में हूँ, पंद्रह हज़ार भेज सकता है? कल सुबह वापस.’ आम्ही दोघं शाळेपासून एकमेकांशी हिंदीत कधी बोललेलो नाही. पण नुसत्या भाषेवर विसंबून चालत नाही, कारण हल्ली हे लोक मराठीतही नीट लिहितात.

माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण त्या चॅटमध्येच असते. मेसेंजरमध्ये मित्राचं नाव शोधलं तर एकाच नावाच्या दोन खिडक्या दिसल्या. एकीत गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा आणि गेट-टुगेदरचे फोटो होते. दुसरीत वर स्क्रोल केलं तर आजच्या मेसेजच्या वर काहीच नव्हतं. क्लोन करणारा, म्हणजे मित्राच्या नावाने दुसरं बनावट प्रोफाइल काढणारा माणूस, त्याचा फोटो, नाव, गाव, नोकरी उचलतो, कारण ते सगळं प्रोफाइलवर उघडं असतं. मित्रांची यादी उघडी असेल तर रिक्वेस्ट कुणाला पाठवायच्या हेही त्याला तिथेच मिळतं. तुमचं जुनं बोलणं मात्र त्याला उचलता येत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. मित्राचं मूळ अकाउंटच हॅक झालं असेल तर मेसेज जुन्या चॅटमध्येच येतो आणि ही खूण फसते. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांत About this account उघडलं की अकाउंट कोणत्या महिन्यात सुरू झालं ते दिसतं. क्लोन बहुधा ताजा निघतो, पण हॅक झालेलं अकाउंट तिथेही जुनंच दिसणार. म्हणून शेवटचा निकाल फोनवरच लागतो. त्यातही नंबर आपल्या फोनमध्ये आधीपासून सेव्ह असलेलाच लावायचा, चॅटमध्ये दिलेला नाही. ‘फोन बिघडलाय, बोलता येत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. मलाही तेच मिळालं. मित्राचा फोन लागत नसेल तर त्याच्या घरी लावा.

मी फोन लावत होतो तेवढ्यात समोरून यूपीआय आयडी आला, त्यात मित्राचं आडनावही होतं. इथे बरेच जण फसतात. @ च्या आधीचा भाग अनेक अ‍ॅपमध्ये आपल्याला हवा तसा ठेवता येतो, त्यामुळे त्यातल्या नावाला काही किंमत नाही. आयडी अ‍ॅपमध्ये टाकल्यावर, पिन मागण्याआधी, जे नाव दिसतं ते बँकेत नोंदवलेलं असतं. ते भलत्याच माणसाचं निघालं. विचारल्यावर ‘डॉक्टरचं खातं आहे’ असं उत्तर आलं. दरम्यान मित्राने फोन उचलला. तो घरी जेवत होता.

मग त्याने स्वतः फेसबुकवर शोधलं, तर त्याला ते प्रोफाइल सापडेचना. क्लोन करणारा मूळ मालकाला आधीच ब्लॉक करून ठेवतो, म्हणून तक्रार मित्रांनाच करावी लागते. ब्लॉक करण्याआधी मी प्रोफाइलची लिंक, चॅट आणि यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घेतले. लिंक हवीच, कारण त्या नावाची माणसं शेकड्यांनी असतात, लिंक मात्र एकाच प्रोफाइलची असते. नंतर त्या प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांतून Report profile निवडलं आणि पुढच्या पर्यायांत, हे माझ्या मित्राचं सोंग घेत आहे, असं सांगून यादीतून त्याचं खरं प्रोफाइल जोडलं. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून इतरांनाही तेच करायला सांगितलं. तेव्हा कळलं, आणखी चौघांनी ती रिक्वेस्ट स्वीकारली होती.

ग्रुपमधल्या एकीने तोवर दोन हजार पाठवलेही होते. तिला लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला लावला. तिथे रक्कम, वेळ, ज्या खात्यातून पैसे गेले ते आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय अ‍ॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. घाई एवढ्यासाठी की पैसे पहिल्या खात्यातून पटापट पुढे सरकवले जातात. कुठल्या तरी बँक खात्यात असेपर्यंत ते गोठवता येतात, एटीएममधून निघाले की फारसं काही हाती राहत नाही. फोननंतर cybercrime.gov.in वर स्क्रीनशॉटसह तक्रार पूर्ण करायची आणि आपल्या बँकेलाही कळवायचं.

मित्राने त्याच रात्री सेटिंगमध्ये जाऊन मित्रांची यादी Only me केली. त्यानंतरही सामाईक मित्र दिसतातच, पण अनोळखी माणसाला पूर्ण यादी मिळत नाही.