घसा दुखतोय, पण घशात काहीच नाही

सकाळी उठलं की जबडा आणि घसा दोन्ही ठणकायचे, दुपारपर्यंत आपोआप कमी व्हायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना घसा स्वच्छ दिसला. ताप नाही, गाठ नाही, गिळताना त्रास नाही. त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आज दादरला जाऊन आले.

मॅडमनी कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "दात घट्ट आवळा." तिथला स्नायू टम्म फुगला. मग सैल सोडायला लावून तोच दाबला, तर अगदी सकाळचीच कळ उठली! तसाच एक स्नायू जबड्याच्या आतून, घशाच्या भिंतीजवळून जातो. झोपेत दात खाताना तो पुन्हा पुन्हा आवळला जातो आणि दुखणं घशातलं वाटतं. तोंडातही खुणा होत्या: सुळ्यांची टोकं झिजलेली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत पांढरी रेघ.

रात्री घालायच्या नाईट गार्डसाठी माप घेतलंय. त्याने दातांची झीज वाचते, आवळणं थांबेलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. दिवसाही लक्ष ठेवायचंय: ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले. गर्दीच्या लोकलमध्ये माझे तर कायम आवळलेलेच असतात.

घोरता का, हेही विचारलं. घोरताना श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. आणि घसा दिवसभर, एकाच बाजूला दुखत राहिला तर पुन्हा घशाच्या डॉक्टरांकडेच जा.